सोनोग्राफीच्या आधीचा चहा

पन्नाशीतले एक गृहस्थ. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली. सकाळी दहाची वेळ मिळाली. आदल्या रात्री साडेआठला जेवले, त्यानंतर तोंडात काही घातलं नाही. सकाळी सातला मात्र नेहमीचा दुधाचा चहा घेतला आणि सोबत दोन बिस्किटं. त्यांच्या हिशेबी ते उपाशीच होते. रिपोर्टमध्ये आलं: पित्ताशय आकुंचन पावलेलं, नीट तपासता आलं नाही, उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी.

यकृतात पित्त अखंड तयार होत असतं. पोट रिकामं असलं की ते पित्ताशयात साठत जातं आणि पित्ताशय फुगतं. भरलेलं पित्ताशय पडद्यावर काळंभोर, कडा स्पष्ट असलेलं दिसतं. त्यात खडा असेल तर तो पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते आणि कुशीवर वळायला सांगितलं की तो बहुधा जागचा हलतो. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचला की मात्र तिथून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आवळतं आणि पित्त बाहेर पडतं. चहातलं दूध आणि बिस्किटातलं तूप एवढ्याला पुरतं. आवळलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. मग ती सुजेमुळे जाड आहे की खाल्ल्यामुळे, हे ठरवता येत नाही. बारीक खडेही त्यात लपतात. म्हणून सहा ते आठ तास काही खायचं नाही. चतुर्थीचा उपवास इथे चालत नाही, हे सांगायलाच हवं. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पित्ताशयाच्या दृष्टीने भरपेट जेवणच आहे.

दुसरा अडथळा गॅसचा. ध्वनिलहरी हवेला भिडल्या की जवळजवळ सगळ्या परत फिरतात, पलीकडचं काही दिसत नाही. पोटावर तो थंडगार जेल लावतात तो याचसाठी: प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये. पण आतड्यातल्या हवेला जेल कुठून लावणार? सगळ्यात जास्त झाकोळतं ते स्वादुपिंड, कारण ते जठराच्या मागे दडलेलं असतं. तेव्हा आदल्या दिवशी राजमा, छोले, वालाची उसळ, कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा आणि बाटलीतली सोडा-पेयं टाळावीत. दूध पचत नसेल तर तेही नको. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी असं हलकं जेवण पुरे. ‘गॅस होऊ नये’ म्हणून रात्री फसफसणारं फ्रूट सॉल्ट घेणारे बरेच असतात. ते फसफसणं म्हणजेच गॅस. सकाळी सिगारेट किंवा च्युइंगगमही नको, कारण त्यासोबत हवा गिळली जाते.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. साध्या पाण्यात स्निग्धांश नसतो, त्यामुळे पित्ताशय आवळत नाही. फक्त वरच्या पोटाची तपासणी असेल तर घोट-दोन घोट पाणी पुरतं. मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेटही पाहायचं असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि मागचे अवयव दाखवणारी खिडकी बनतं. दहाची वेळ असेल तर आठच्या सुमारास लघवीला जाऊन यावं. पावणेनऊ ते सव्वानऊ या वेळात तीन-चार ग्लास साधं पाणी सावकाश प्यावं. घटाघटा प्यायलं तर हवाही पोटात जाते. त्यानंतर लघवी रोखून धरायची. पण जीव कासावीस होईपर्यंत रोखू नये. मूत्राशय फार तट्ट भरलं तर मूत्रपिंडातल्या मूत्राच्या पोकळ्याही किंचित फुगलेल्या दिसतात आणि अडथळा असल्याची उगाच शंका येते. असं दिसलं तर डॉक्टर लघवी करून यायला सांगतात आणि पुन्हा पाहतात. प्रोस्टेटच्या रुग्णाला तसंही दोनदा झोपवतात: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरलं ते मोजायला.

मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर हे ग्लास डॉक्टरांना विचारूनच प्यावेत. रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्यासोबत चालते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी नेहमीप्रमाणे घेतलं तर साखर घसरू शकते, म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा. सोबत डबा न्या, तपासणी संपली की लगेच खाता येईल.

आणि अचानक असह्य पोटदुखी उठली, ताप-उलट्या असल्या, तर यातलं काहीच पाळत बसू नका. तातडीची सोनोग्राफी भरल्या पोटीही करतात. चहा घेतला असेल तर तेवढं टेबलावर झोपण्याआधी सांगा.