जिल्हा पानावरची सिंगल कॉलम

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर कोपऱ्यात ८०-१०० शब्दांची एक बातमी असते. अमुक गावच्या उद्योगाने नवे उत्पादन बाजारात आणले, एवढाच तिचा मजकूर. बातमीदार तिथे गेलेला नसतो. ती प्रेसनोटवरून झालेली असते आणि प्रेसनोट उद्योजकाने स्वतः किंवा त्याच्या शिकलेल्या भाच्याने लिहिलेली असते.

समजा, मंगळवेढ्याच्या एका महिला बचत गटाने ज्वारीची कडक भाकरी हवाबंद पाकिटात आणली आहे. नोट बहुधा अशी येते : ‘अल्पावधीतच उत्तुंग भरारी घेऊन ग्राहकांच्या पसंतीस उतरलेल्या गटाच्या नूतन उत्पादनाचा शानदार शुभारंभ मान्यवरांच्या हस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ मग अकरा मान्यवरांची नावे, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी, आभार कोणी मानले. भाकरी येते शेवटच्या ओळीत.

घोळ होतो तो इथेच. संध्याकाळी पान लावताना जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. पहिली दोन वाक्ये टिकतात, शेवटची जातात. या नोटेला कात्री लागली तर मान्यवर छापून येतील आणि भाकरी कचऱ्यात जाईल. म्हणून डेस्कवर ती उलटी करून घेतात :

‘मंगळवेढा, ता. ९ : येथील महिला बचत गटाने ज्वारीची कडक भाकरी हवाबंद पाकिटात विक्रीला आणली आहे. पाकिटात दहा भाकऱ्या असून त्या दोन महिने टिकतात, असे गटाच्या अध्यक्षांनी सांगितले. आतापर्यंत गटाच्या १२ महिला आठवडे बाजारात सुटी भाकरी विकत होत्या.’

तीन वाक्ये. कोणत्याही वाक्यानंतर कापले तरी बातमी उभी राहते. तारीखही आकड्यात आहे. नोटेत ‘आज’ लिहिले आणि मजकूर दोन दिवसांनी छापून आला, तर तो ‘आज’ कुठला, हे वाचकाला कळत नाही. ‘असे सांगितले’ हे शब्दही सोयीचे आहेत. भाकरी दोन महिने टिकते की नाही हे वृत्तपत्राने तपासलेले नसते, त्यामुळे तो दावा अध्यक्षांच्या तोंडीच ठेवतात.

उपसंपादक चाणाक्ष असेल तर आणखी दोन ठिकाणी अडतो. पहिले, ‘भौगोलिक मानांकनप्राप्त भाकरी’. मानांकन मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, भाकरीला नाही. दुसरे, टप्पा गाठल्याचा आकडा. ‘महिनाभरात एक लाख भाकऱ्या’ असे नोट म्हणते. एका बाईने दिवसाला शंभर भाकऱ्या थापल्या, तर बारा जणींच्या १,२०० होतात. पंचवीस दिवसांच्या ३०,०००. लाखाला तीन महिन्यांहून अधिक लागतील. एक तर यंत्र आले आहे आणि ते नोटेत सांगितलेले नाही, किंवा भाच्याने एक शून्य वाढवले आहे. यंत्र आले असेल तर खरी बातमी तीच, आणि ती पहिल्या ओळीत हवी. ‘मधुमेह बरा होतो’ हे वाक्य मात्र विचारपूस न करता काढतात. असा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

चांगली लिहिलेली नोटही पाठवण्यात मार खाते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो आला तर सगळे पुन्हा टाइप करावे लागते आणि त्या गर्दीच्या वेळी ते कोणी करत नाही. युनिकोडमधला साधा मजकूर, फोटो वेगळा, त्याखाली डावीकडून नावे आणि उचलला जाणारा फोन नंबर, एवढे पुरते. नंबर छापायला नव्हे, शंका विचारायला.

छापायला का नाही? कारण किंमत, पत्ता आणि फोन आला की मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा, असे बरेच उपसंपादक मानतात. हा वाद जुना आहे. अमेरिकेत आयव्ही ली याने १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळच्या रेल्वे अपघाताची माहिती कंपनीच्या वतीने पत्रकारांना लेखी दिली. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाची सुरुवात तिथून झाल्याचे सहसा मानतात. त्याच वर्षी त्याने संपादकांना कळवले होते, की आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे वाटले तर तो वापरूच नका. आपल्याकडे सवय उलटी झाली आहे. ‘बातमी लावतो, पण पुरवणीत जाहिरात द्या’ असे सांगणारे भेटतात आणि लहान उद्योजकाला तो रिवाजच वाटू लागतो. जाहिरात द्यायची तर जरूर द्यावी, पण तिची पावती वेगळी घ्यावी आणि प्रेसनोट डेस्कच्याच पत्त्यावर पाठवावी. बचत गटाच्या त्या तीन वाक्यांना जागा मिळायला पैसे लागू नयेत. बातम्या कमी असतील त्या दिवशी ती पाठवली तर जागा मिळण्याची शक्यता जास्त.