तवंगावाचून आमटी : एका लेकीचे आईस पत्र

ती. सौ. आईस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

डॉक्टरांनी बाबांचे तेल कमी करावयास सांगितल्यापासून तू फोडणी आखडलीस, आणि त्यासरशी आमटीही पातळ केलीस, असे तुझ्या पत्रावरून दिसले. आता बाबा नुसताच भात जेवतात व थकल्यासारखे दिसतात, ही तुझी काळजी. आम्हां दोघी जावांना वाटते, तेलाबरोबर डाळही कमी झाली, तेथेच घोटाळा झाला असावा.

आमच्याकडे सहा माणसांच्या आमटीस पूर्वी 150 ग्रॅम तुरीची डाळ व 3 मोठे चमचे तेल लागे. आता डाळ 250 ग्रॅम घेतो आणि तेल एकच चमचा. 100 ग्रॅम डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे माणशी साडेपाच ग्रॅमऐवजी नऊ ग्रॅम पोटात जातात. पाणी मात्र पूर्वीइतकेच घालावे, आणि आमसूल डाळ पुरती शिजल्यावरच. आधी घातले तर डाळ बोटचेपी होत नाही.

खरी कसोटी फोडणीची. पसरट पातेल्यात चमचाभर तेल तळाशी पांगते, मोहरी कोरडीच करपते व आमटी कडवटते. म्हणून आम्ही लोखंडी पळी घेतो व ती किंचित कलती धरतो. तेल एका बाजूस साचून मोहरी त्यात बुडते. मोहरी तडतडली की जिरे व कढीलिंब घालावा, पळी आचेवरून उतरवावी, आणि मग हिंग, हळद, तिखट. लगेच पळी आमटीत बुडवून झाकण ठेवावे. तिखटाचा रंग व हिंगाचा वास तेलातच उतरतो. म्हणून तेल अजिबात वगळू नये. तिखट काळपट दिसले, तर ती फोडणी टाकून दुसरी करावी.

मटकीच्या उसळीत तू तेलाऐवजी मूठमूठ दाण्याचे कूट घालतेस. कूट पौष्टिक खरे; परंतु दाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते! सहा जणांस दोन मोठे चमचे कूट पुरे. रस दाट हवा असेल, तर वाटीभर शिजलेली मटकी घोटून त्यातच मिसळावी. कांदा परतताना चिकटू लागला, तर पाण्याचा हबका देऊन झाकण घालावे.

हे सारे एका दिवसात करू नकोस. पहिला आठवडा दोन चमचे तेल, मग एक, असे केले म्हणजे जिभेला चुकल्यासारखे वाटत नाही. आमच्या सासूबाईंना आम्ही असेच वळविले. मात्र बाबांच्या मूत्रपिंडांत काही दोष असेल, तर डाळ वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

ती. बाबांस आम्हां सर्वांचे नमस्कार सांगावे. त्यांना आमटी रुचली की नाही, ते उलट टपाली कळव.

तुझी लेक