पन्नाशीनंतरचा रेझ्युमे: काय कापायचे, काय पुढे आणायचे

रेझ्युमे हातात घेणाऱ्याची नजर आधी सालांवर जाते. दहावी १९८७, डिप्लोमा १९९०, पहिली नोकरी १९९०, एवढे दिसले की वजाबाकी आपोआप होते. उमेदवाराच्या कामाबद्दल एक ओळही वाचून होण्याआधी त्याचे वय ठरते, आणि वयासोबत तीन शंका येतात: हा पगार फार मागेल, नवे सॉफ्टवेअर शिकायला तयार नसेल, आणि वयाने लहान साहेबाचे ऐकणार नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्यांना अशा भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा १९६७ साली झाला. भारतात खासगी नोकरीला लागू होईल असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे इथे या शंकांना पहिले उत्तर उमेदवाराच्या कागदालाच द्यावे लागते. वय लपवणे हा त्याचा मार्ग नव्हे. वाचणाऱ्याची नजर पहिल्या अर्ध्या पानात वयाऐवजी कामावर पडेल अशी मांडणी करणे, एवढेच हाती असते आणि तेवढे बऱ्याचदा पुरते.

चाकण-भोसरी पट्ट्यातले एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला क्वालिटी विभागाचा प्रमुख, वय ५४, मेकॅनिकलचा डिप्लोमा. पहिल्या तीन नोकऱ्या १९९० ते २०११ या काळात झाल्या आणि २०११ पासून एकाच कंपनीत चौदा वर्षे गेली. आता ते युनिट बंद होत आहे. त्याचा रेझ्युमे चार पानांचा आहे. सुरुवातीला ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता, मग पहिल्या नोकरीपासून क्रमाने सगळ्या नोकऱ्या. संगणकज्ञानाखाली एमएस-सीआयटी आणि विंडोज ९८. शेवटी जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि ‘वरील माहिती खरी आहे’ असे सही-ठिकाणासह प्रतिज्ञापत्र. या माणसाने गेल्या पाच वर्षांत केलेले सर्वांत चांगले काम तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. तिथपर्यंत बहुतेक वाचणारे पोहोचत नाहीत.

छाटणीची सुरुवात शेवटच्या पानापासून करणे सोपे जाते. जन्मतारीख, वडिलांचे नाव, छंद आणि प्रतिज्ञापत्र यांतले काहीही मुलाखतीला बोलावण्याचा निर्णय घेताना लागत नाही, म्हणून ते सगळे जाते. फोटोही जातो. दहावीची ओळ जाते. डिप्लोमा राहतो, पण त्याचे साल जाते.

नोकऱ्यांच्या बाबतीत साधारण पंधरा वर्षांची रेघ मारली जाते. ती मोजपट्टीने मात्र मारू नये. या उदाहरणात २०११ हीच नैसर्गिक जागा आहे, कारण सध्याची कंपनी तिथे सुरू होते. त्याआधीच्या तीन नोकऱ्या ‘आधीचा अनुभव’ या एका शीर्षकाखाली, फक्त कंपनी आणि हुद्दा एवढ्याच, साल न लिहिता तीन ओळींत बसतात. जुन्या अनुभवातला एखादा भाग नव्या जागेला थेट उपयोगी असेल तर तो मात्र वाचवायचा. समजा, हा माणूस १९९५ ते २००३ अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या शॉपमध्ये होता आणि नवी कंपनीही डाय-कास्टिंगचीच आहे. मग ‘डाय-कास्टिंगमधील दोषांचे विश्लेषण’ हे शब्द वरच्या सारांशात आले पाहिजेत. कौशल्य वर येते आणि त्याचे साल खालीही दिसत नाही.

चौदा वर्षे एकाच कंपनीत काढल्याने वेगळी अडचण होते. एकाच शीर्षकाखाली २०११ ते २०२५ लिहिले की माणूस एका जागी थांबून राहिला असे वाटते. खरे तर तो २०११ मध्ये व्यवस्थापक म्हणून आला आणि २०१८ मध्ये विभागप्रमुख झाला. कंपनीचे नाव एकदाच लिहून हे दोन हुद्दे त्यांच्या सालांसह वेगळे मांडले की पुढे सरकलेली वाट दिसते. अलीकडच्या हुद्द्याला पाच-सहा ओळी आणि आधीच्याला तीन, हे प्रमाण ठीक आहे.

सगळीच सालं उडवून केवळ कौशल्यांच्या गटांत रेझ्युमे लिहावा, असा सल्लाही काही जण देतात. तो बहुधा अंगाशी येतो. भरती करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असतो आणि तारखा नसलेला कागद पाहिला की काहीतरी दडवलेय असाच त्यांचा समज होतो. गेल्या पंधरा वर्षांच्या तारखा महिना-सालासह स्पष्ट असाव्यात. तरच त्याआधीच्या नसल्या तरी खटकत नाही.

इथे एक सीमा पाळावी लागते. रेझ्युमे म्हणजे निवडक माहिती, पण नोकरी लागताना भरायचा अर्ज म्हणजे पूर्ण माहिती. त्या अर्जात जन्मतारीख आणि विचारलेल्या सगळ्या नोकऱ्या जशाच्या तशा लिहाव्या लागतात. नोकरीच्या पोर्टलवर एकूण अनुभवाचा आकडा विचारतात, तिथे पस्तीस वर्षे असतील तर पस्तीसच भरायची. पार्श्वभूमी पडताळणीत भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यावरून सेवेच्या तारखा तपासता येतात, आणि न लिहिलेल्या नोकरीपेक्षा बदललेली तारीख माणसाला कितीतरी जास्त महागात पडते.

छाटणीमुळे वय मागे सरते, पण माणूस आजचा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी जे लिहायचे ते खरे अवघड काम आहे, कारण प्रत्येक धंद्यात शब्दांनाही वय असते आणि आतल्या माणसाला ते लगेच कळते. वाहनउद्योगाच्या क्वालिटी विभागात हे फार स्पष्ट दिसते. रेझ्युमेत ‘क्यूएस-९०००’ आले की लिहिणारा विसाव्या शतकाच्या शेवटी रमलेला वाटतो. ‘टीएस १६९४९’ लिहिले तर तो २०१६ च्या अलीकडे आलेला नाही असे वाटते, कारण त्या वर्षी त्याची जागा आयएटीएफ १६९४९ ने घेतली. एफएमईए म्हणजे संभाव्य बिघाडांच्या विश्लेषणाचेही तसेच आहे. जुन्या पद्धतीत बिघाडाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि पकडला जाण्याची शक्यता यांचे गुण गुणून आरपीएन हा एक आकडा काढत. एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकी आणि जर्मन संस्थांच्या २०१९ च्या संयुक्त पुस्तिकेने तो आकडा बाजूला ठेवला आणि उच्च, मध्यम, कमी अशी कृतीची प्राथमिकता आणली. २०२५ च्या रेझ्युमेत ‘आरपीएन कमी केला’ एवढेच वाक्य असेल, तर परीक्षकाला उमेदवाराचे वय कळायला जन्मतारखेची गरज उरत नाही.

या माणसाने २०१८ मध्ये कंपनीचे नव्या मानकाकडे जाणे स्वतः सांभाळले होते आणि २०२१ मध्ये अकरा पार्ट्सची एफएमईए नव्या पद्धतीत उतरवली होती. जुन्या रेझ्युमेत यातले काहीच नव्हते. तिथे फक्त ‘गुणवत्ता विभागाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली’ असे होते, आणि हे वाक्य १९९५ मध्येही तसेच लिहिता आले असते. नवे वाक्य असे: ‘२०२३-२४ मध्ये ग्राहकाकडून परत येणारे सदोष नग दहा लाखांमागे १८० वरून ४५ वर आणले, मूळ कारण डायच्या गाइड पिनच्या झिजेत शोधून देखभालीचे वेळापत्रक बदलले.’ यात अलीकडचे साल आहे, आधीचा आणि नंतरचा आकडा आहे, आणि माणूस केबिनमध्ये न बसता शॉपवर उतरला होता हेही आहे.

संगणकाच्या कौशल्याची वेगळी यादी करण्यापेक्षा ती कामाच्या ओळींत विणणे चांगले. ‘मिनिटॅब’ एवढा शब्द कोणीही लिहितो. ‘मिनिटॅबमध्ये दर महिन्याला आठ महत्त्वाच्या मापांची प्रक्रियाक्षमता तपासली’ असे लिहिले की ते वापरलेले कौशल्य ठरते. एमएस-ऑफिस आणि ईमेल कौशल्यांत लिहूच नये. ते आता गृहीत असते, आणि लिहिल्याने ते एकेकाळी नवे होते याचीच आठवण होते. जे साधन वापरलेलेच नाही ते घुसवणे धोक्याचे, कारण मुलाखतीतला दुसरा प्रश्न त्यावरच येतो. खरी उणीव असेल तर ती भरून मग लिहावी. या उदाहरणात जर्मन ग्राहकांना लागणारे व्हीडीए ६.३ प्रक्रिया-ऑडिट ही उणीव होती. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या कारखान्यातल्या एका लाइनचे ऑडिट केले की ओळ तयार होते, आणि प्रमाणपत्रापेक्षा ऑडिटच्या उल्लेखाला वजन जास्त असते.

लहान साहेबाची शंका थेट बोलून फेडता येत नाही. ‘तरुणांसोबत जुळवून घेतो’ असे लिहिले की शंका बळावते. त्याऐवजी ‘डिझाइन आणि खरेदी विभागाच्या तीन अभियंत्यांसोबत, प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली नव्या पार्टचे पीपीएपी मंजूर करून घेतले’ ही ओळ पुरते. विभागप्रमुख असूनही कुणाच्या तरी नेतृत्वाखाली काम केल्याची ती नोंद आहे. पगाराचा आकडा रेझ्युमेत लिहायचा नाही. नोटीस पीरियड कमी असेल तर तो मात्र जरूर लिहावा.

वरच्या सारांशात ‘३५ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’ नको. ‘प्रेस आणि डाय-कास्टिंग पार्ट्समधील क्वालिटी प्रमुख, आयएटीएफ १६९४९, ग्राहक ऑडिट आणि सदोष नग कमी करणे हे मुख्य काम’ अशा दोन ओळी पुरतात. नोकरीच्या जाहिरातीत जे शब्द असतील तेच, खरे असतील तर, इथे यावेत. पोर्टलवर भरती करणारे याच शब्दांनी शोध घेतात आणि मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते. त्या सॉफ्टवेअरला तक्ते, चौकटी आणि दोन रकाने अनेकदा नीट वाचता येत नाहीत. तपासायची सोपी रीत म्हणजे पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकणे. तिथे नावे आणि सालं एकमेकांत मिसळली, तर सॉफ्टवेअरलाही तसेच दिसण्याची शक्यता मोठी.

चार पानांचा कागद असा दोन पानांवर येतो. तो किती कामाचा झाला हे पाठवल्यावरच कळते. पोर्टलवर प्रोफाइल शोधात दिसतच नसेल, तर शब्द चुकले आहेत. प्रोफाइल उघडले जाते पण फोन येत नाही, तेव्हा सारांश आणि पहिल्या हुद्द्याच्या ओळी कमकुवत आहेत असे समजावे. फोन येतात पण पगार विचारून बोलणे संपते, तेव्हा कागदाचा दोष नसतो. निवडलेल्या जागाच खालच्या असतात. ‘आठ ते बारा वर्षांचा अनुभव’ मागणारी जागा त्याच अनुभवाच्या पगारासाठी काढलेली असते आणि रेझ्युमे कितीही छाटला तरी त्यात बदल होत नाही. अशा माणसाला जास्त वाव मिळतो तो मध्यम आकाराच्या पुरवठादारांकडे. त्यांच्याकडे नवा ग्राहक आलेला असतो, सहा महिन्यांत ऑडिट असते, आणि ते एकदा पार केलेला माणूस त्यांना लगेच हवा असतो.