सत्तावन्न मिनिटं, पन्नास प्रश्न आणि एक फ्लॅग

मुंबई-पुण्याहून ब्रिटनला राहायला गेलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर तिथे पहिले बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलाच परवाना लागतो आणि त्यासाठी आधी संगणकावरची थिअरी टेस्ट पास व्हावी लागते. पहिल्या भागात बहुपर्यायी ५० प्रश्न, वेळ ५७ मिनिटं, आणि पास व्हायला ४३ उत्तरं बरोबर हवीत. वर्षानुवर्षं गाडी चालवलेले लोकही इथे एखाद-दोन गुणांनी राहतात. अशा वेळी बरेचदा वाचण्यातली घाई नडलेली असते. वेळ मात्र शिल्लक असते.

५७ मिनिटांना ५० ने भागलं तर प्रश्नामागे ६८ सेकंद येतात. अभ्यास केलेल्याला बहुतेक प्रश्नांना एवढा वेळ लागत नाही. चाळीस सेकंद धरले तरी पहिली फेरी तेहतीस-चौतीस मिनिटांत संपते आणि हाताशी वीस मिनिटांहून जास्त उरतात. ही वीस मिनिटं कुठे खर्च करायची, ते फ्लॅगच्या बटणाने ठरवता येतं. शंका आली की प्रश्नावर फ्लॅग लावायचा, पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं.

पण फ्लॅग लावण्याआधी कोणतं तरी उत्तर निवडून ठेवावं, असं मी आग्रहाने सांगेन. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा ठेवण्यात फायदा काहीच नाही. वेळ संपलीच, तर निदान अंदाज तरी नोंदलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्लॅग हात राखून लावावा. समजा, ३९ प्रश्नांची खात्री आहे आणि ११ वर फ्लॅग आहे. म्हणजे या अकरांतून चार बरोबर यायला हवेत. त्यांतल्या सात प्रश्नांत मन दोन पर्यायांत अडकलंय, आणि चार प्रश्न मुळीच माहीत नाहीत. डोळे मिटून निवड केली तर सातांतून साधारण साडेतीन आणि चारांतून एक, असे साडेचार मिळतील. हे अगदी काठावरचं झालं. नशीब जरा फिरलं तर नापास. म्हणून उरलेला वेळ आधी त्या सातांना द्यावा. चार अनोळखी प्रश्नांकडे दहा मिनिटं बघत बसलं तरी त्यातून नवीन काही सुचत नाही.

या सातांत काय सापडू शकतं ते पाहा. ताशी ७० मैल वेगाने, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला एकूण किती अंतर लागतं, असा प्रश्न आहे. पर्यायांत ७५ मीटर आहे आणि ९६ मीटरही. दोन्ही आकडे ओळखीचे वाटतात. कारण ७५ मीटर हे नुसतं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी आणखी २१ मीटर पुढे गेलेली असते. ‘एकूण’ हा शब्द पहिल्या वाचनात सुटला की ७५ वर क्लिक होतं. दुसऱ्या वाचनात प्रश्न पर्याय झाकून वाचावा, उत्तर मनात ठरवावं आणि मगच पर्याय पाहावेत.

भारतातली सवय नडते ती पादचारी क्रॉसिंगच्या पिवळ्या सिग्नलला. आपल्याकडे लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे जपून पुढे जा. ब्रिटनमधल्या पेलिकन क्रॉसिंगवर तो लागला, की क्रॉसिंगवर असलेल्या माणसाला आधी जाऊ द्यावंच लागतं. इथे शंकाच येत नाही, म्हणून फ्लॅगही लागत नाही. त्यामुळे वेळ उरला तर फ्लॅग नसलेले प्रश्नही एकदा नजरेखालून घालावेत, विशेषतः सिग्नल आणि चिन्हांचे.

पन्नासांतले तीन प्रश्न एका छोट्या व्हिडिओवर असतात. तो हवा तितक्या वेळा पाहता येतो, पण दर वेळी घड्याळ चालूच असतं. आधी तिन्ही प्रश्न वाचावेत आणि मग व्हिडिओ पाहावा, म्हणजे काय शोधायचं ते ठाऊक असतं.

‘पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नये’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या दीड हजारांहून जास्त उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली होती. ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे गेलेले आढळले, तर २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे. बरोबर असलेलं बदलून चुकलं की ते मनाला लागून राहतं, म्हणून तेवढंच आठवतं. तरीही बदलण्याआधी कारण सांगता यायला हवं: ‘मी हा शब्द वाचला नव्हता’ किंवा ‘मला नियम आठवला’. नुसती धाकधूक होत असेल तर उत्तर तसंच राहू द्यावं.

हा भाग संपवला की परत येता येत नाही, आणि उरलेली मिनिटं पुढच्या भागात वापरता येत नाहीत. तीन मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीनंतर धोके ओळखायच्या १४ चित्रफिती सुरू होतात. तिथे फ्लॅग नाही, फेरतपासणीही नाही. प्रत्येक फीत एकदाच दिसते.