पांढरे केस नेमके किती? फोनच्या फोटोवरून मोजा, मग झाकायचे की मिसळायचे ते ठरवा

कॅमेरा उघडला, कानाजवळ चार-पाच पांढरे केस चमकले, की पुढचा अर्धा तास आरशासमोर जातो. घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, पूर्ण डाय करून टाक ना." पार्लरमध्येही पहिला प्रश्न हाच असतो: पांढरे किती टक्के आहेत? उत्तर आपण अंदाजाने देतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा जास्तच निघतो. काळ्या केसांत पांढरा केस लगेच उठून दिसतो. शिवाय आरशात आपल्याला फक्त कपाळाची कड, कानशिलं आणि भांग दिसतो, आणि अनेकांचे केस आधी तिथेच पिकतात.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पूर्ण डाय एकदा सुरू केला की दर चार-पाच आठवड्यांनी मुळं रंगवावी लागतात. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे महिनाभरात गडद रंगाखाली पांढरी रेघ दिसायला लागते. 20 टक्के पांढऱ्यासाठी हे चक्र लावून घ्यायचं की नाही, हे मोजल्यावर ठरवलेलं बरं.

आधी फोटो नीट काढा

सेल्फीतून मोजणी होत नाही. कारण सोपं आहे. आपला एक केस 0.07 मिलीमीटरच्या आसपास जाड असतो. फोनच्या साध्या 12 मेगापिक्सेल मागच्या कॅमेऱ्याने 20 सेंटीमीटरवरून फोटो काढला, तर एक पिक्सेल जवळजवळ तेवढीच रुंदी टिपतो. हात लांब करून अर्ध्या मीटरवरून काढलात, की एका पिक्सेलमध्ये दोन-तीन केस येतात. मग काळा आणि पांढरा मिसळून राखाडी डाग दिसतो, मोजायला काहीच उरत नाही.

म्हणून मागचा कॅमेरा वापरा, फोन 15 ते 20 सेंटीमीटरवर धरा आणि फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. ब्युटी मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. हे दोन्ही बारीक केस पुसट करतात.

केस धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि बिनतेलाचे हवेत. सगळ्यात जास्त फसवते ती तेलाची चमक. काळ्या केसावर पडलेला उजेड फोटोत पांढऱ्या केसासारखाच दिसतो. ओल्या केसांत उलटं होतं: पांढरा केस पाण्याने गडद दिसतो आणि मोजणीतून सुटतो.

उजेड खिडकीचा, पण थेट ऊन नको. नाशिकला एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीत फोटो काढलात तर निम्मं डोकं चमकेल. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीशी बसा, फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा काळे केस पाहून आपोआप फोटो उजळ करतो, त्यामुळे पांढरा केस आहे त्यापेक्षा जाड दिसतो. केसांवर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि शेजारची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

चार जागांचे फोटो लागतील: उजवं कानशील, डावं कानशील, भांगाचा वरचा भाग आणि डोक्याची मागची बाजू. प्रत्येक जागेचे दोन फोटो काढा. दुसऱ्या वेळी बसणाऱ्याने मान थोडी वळवावी. चमक असेल तर ती जागा बदलते, खरा पांढरा केस तसाच राहतो.

मोजायचं कसं: 25 ठिपक्यांची जाळी

एकेक केस मोजायला बसू नका. फोटो गॅलरीत उघडा, साधारण चार बोटं रुंदीचा चौकोन क्रॉप करा आणि `Markup` मध्ये जाऊन पाच उभ्या, पाच आडव्या रेघा मारा. रेघा एकमेकींना 25 ठिकाणी छेदतात. आता झूम करा आणि प्रत्येक छेदाच्या बरोबर खाली काय आहे तेवढंच लिहा: पांढरा, काळा, टाळूची त्वचा किंवा चमक. शेजारी पांढरा केस दिसतोय म्हणून तो धरायचा नाही.

नंतर त्वचा आणि चमक सोडून द्या. पांढऱ्यांची संख्या, भागिले पांढरे अधिक काळे, ही त्या जागेची टक्केवारी. त्वचा वगळणं गरजेचं आहे. भांगात टाळू दिसते आणि ती फिकट असते, म्हणून नुसता फोटोचा उजळपणा मोजला तर विरळ केसही पिकलेले ठरतात.

एक उदाहरण करून बघू

समजा, गंगापूर रोडला राहणारी 27 वर्षांची मुलगी आहे. केस लांब, आजवर कधी रंगवलेले नाहीत. लग्नासाठी स्थळं बघणं सुरू आहे आणि घरचे पूर्ण डाय कर म्हणून मागे लागलेत. तिच्या चार फोटोंचे आकडे असे आले:

| जागा | पांढरे | काळे | वगळलेले | टक्के |
|---|---|---|---|---|
| उजवं कानशील | 11 | 9 | 5 | 55 |
| डावं कानशील | 9 | 11 | 5 | 45 |
| भांग, वरचा भाग | 5 | 15 | 5 | 25 |
| मागची बाजू | 1 | 21 | 3 | 5 |

चारही आकड्यांची सरळ सरासरी काढली तर 32 टक्क्यांच्या पुढे जाते. पण ही सरासरी चुकीची आहे, कारण चारही जागा सारख्या मोठ्या नाहीत. ढोबळमानाने प्रत्येक कानशिलाला डोक्याचा दहावा हिस्सा, वरच्या भागाला 35 टक्के आणि मागच्या बाजूला 45 टक्के द्या. मग हिशोब असा होतो: 5.5 + 4.5 + 8.75 + 2.25, म्हणजे 21 टक्के.

सेल्फीत हिला निम्मे केस पिकल्यासारखे वाटत होते. डोक्यावर प्रत्यक्षात पाचातला एकच पांढरा आहे.

हा आकडा तंतोतंत नाही. एवढ्या कमी ठिपक्यांवर एकूण टक्केवारी आठ-नऊने इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे खरा आकडा 13 ते 30 च्या मध्ये कुठेतरी. निर्णयासाठी हे पुरतं, कारण 13 असो की 30, पर्याय तेच राहतात. तुमचा आकडा 45-50 च्या आसपास आला, तर मात्र शेजारच्या चौकोनात आणखी 25 ठिपके मोजून खात्री करा, कारण तिथे पर्याय बदलतो.

आधी डाय किंवा मेंदी लावली असेल तर फक्त मुळाजवळ नव्याने आलेल्या केसांवर मोजा. त्यासाठी शेवटच्या रंगानंतर किमान पाच-सहा आठवडे थांबा.

आता निर्णय: झाकायचे की मिसळायचे?

झाकणं म्हणजे पांढरा केस पूर्ण काळा किंवा तपकिरी करणं. त्यासाठी परमनंट रंग लागतो. त्यात रंगासोबत डेव्हलपर मिसळतात. पांढरे झाकायला साधारण 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर वापरतात. एकूण पांढरे निम्म्याहून जास्त असतील आणि ते दिसायला नको असतील, तर हाच पर्याय टिकतो.

मिसळणं म्हणजे पांढरा केस लपवायचा नाही, फक्त त्याचा काळ्याशी असलेला फरक कमी करायचा. डेमी-परमनंट रंग सौम्य डेव्हलपरने लावला की पांढरे केस फिकट तपकिरी होतात आणि काळ्यांमध्ये हायलाइटसारखे दिसतात. रंग हळूहळू, वीस-पंचवीस धुण्यांत उतरतो, त्यामुळे मुळाशी ठळक रेघ पडत नाही. निम्म्यापेक्षा कमी पांढरे असले की हे छान जमतं.

आपल्या घरातली साधी मेंदी हाही मिसळण्याचाच प्रकार आहे. ती काळ्या केसाला फार बदलत नाही, पांढऱ्याला मात्र केशरी-तांबूस करते. 5 टक्क्यांवर हे शोभून दिसतं. 55 टक्के पिकलेल्या कानशिलावर केशरी पट्टा दिसतो. तो नको असेल तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावतात, रंग गडद तपकिरीकडे जातो.

आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी योजना तक्त्यातूनच निघते. मागची बाजू 5 टक्के आहे, तिथे काहीच करायचं नाही. भांग आणि वरच्या भागावर डेमी-परमनंट. कानशिलांवर डेमीने फरक फार उरला, तर तेवढ्याच दोन पट्ट्यांवर परमनंट. लांबीवर आणि टोकांना रंग ओढायचा नाही. दर महिन्याचं काम पूर्ण डोक्यावरून दोन बोटांच्या पट्ट्यांवर येतं.

शेड निवडताना "1 नंबर, काळा" लगेच उचलू नका. बऱ्याच जणांचे नैसर्गिक केस 2 किंवा 3 नंबरच्या, म्हणजे गडद तपकिरी छटेचे असतात. 1 नंबर टोपासारखा दिसतो. तो पुढे काढायचा झाला तर ब्लीच लागतं, कारण फिकट रंग लावून आधीचा काळा रंग उतरत नाही.

लावण्याआधी 48 तास

बहुतेक गडद परमनंट रंगांत पीपीडी हे रसायन असतं. बाजारातल्या "काळ्या मेंदी"तही ते सापडतं, कारण शुद्ध मेंदीने केस काळे होत नाहीत. पीपीडीची अ‍ॅलर्जी असेल तर टाळूला खाज, फोड, डोळ्यांभोवती सूज येते. आधी अनेकदा लावून काही झालं नाही, तरी पुढच्या वेळी होऊ शकतं. म्हणून रंग थेंबभर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि 48 तास बघा. खाज किंवा लाली आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. रविवार कारंज्यावरून आणलेलं सुटं पाकीट असेल आणि त्यावर घटकांची यादीच नसेल, तर ते केसांना लावूच नका.

आणखी एक. भारतीयांमध्ये 25 च्या आधी केस पिकणं अकाली धरतात. बऱ्याचदा ते आईवडिलांकडून आलेलं असतं, पण बी-12 ची कमतरता किंवा थायरॉईडचा त्रासही कारण असू शकतो. विशेषतः शाकाहारी असाल आणि थकवा, हातापायांना मुंग्या असंही होत असेल, तर डाय घेण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्या.

चारही फोटो तारखेसह एका अल्बममध्ये ठेवा. सहा महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून पुन्हा मोजा. फरक दहापेक्षा कमी असेल तर तो मोजणीतला असू शकतो, योजना तीच चालू द्या. भांगाचा आकडा 25 वरून 50 च्या पुढे गेला, तर तिथे डेमी पुरणार नाही. तेव्हा परमनंट लावायचा, की पांढरे तसेच मोकळे सोडायचे, हे नव्याने ठरवा.