सामंजस्य करार: कोणते वाक्य बांधते आणि कोणते नाही

परदेशी कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढताना सहीचा पहिला कागद असतो तो सामंजस्य कराराचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘एमओयू’चा. त्याच्या नावातच घोटाळ्याची बीजे आहेत. मूळ कल्पना आहे ती दोघांमधल्या समजुतीची नोंद ठेवण्याची. मराठीत मात्र तिच्यामागे ‘करार’ हा शब्द लागला, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की सही झाली म्हणजे दोघेही बांधले गेले. याच्या उलट समजूत व्यवसायातल्या लोकांत आढळते: एमओयूच तर आहे, खरा करार पुढे होईल. या दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत. भारतीय न्यायालय कागदाच्या मथळ्याकडे पाहत नाही, आतला मजकूर पाहते. अटी पुरेशा निश्चित असतील आणि बांधून घेण्याचा हेतू दिसत असेल, तर एमओयूसुद्धा करार ठरतो. अटींचा अर्थच निश्चित करता येत नसेल, तर 1872च्या करार कायद्याच्या कलम 29नुसार ‘करार’ असे शीर्षक दिलेला कागदही रद्दबातल ठरतो.

म्हणून जाणता वकील मसुद्याचे सरळ दोन भाग पाडतो. व्यवसायाचा आराखडा, गुंतवणुकीचा अंदाज, उत्पादनाचे टप्पे हे बंधनकारक नाहीत, असे तो स्पष्ट लिहितो. गोपनीयता, ठरावीक मुदतीत तिसऱ्याशी बोलणी न करणे, खर्चाची वाटणी, लागू होणारा कायदा आणि तंटा सोडवण्याची रीत ही कलमे मात्र सहीच्या दिवसापासून बंधनकारक आहेत, हेही तो तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. पूर्ण भागधारक करार अमुक महिन्यांत झाला नाही तर एमओयू आपोआप संपेल आणि त्यानंतरही गोपनीयता इतकी वर्षे टिकेल, या दोन ओळी राहून गेल्या तर पुढे फार महाग पडतात.

हे सगळे ज्या एका प्रकरणात अगदी जवळून पाहता येते, ते म्हणजे एनरकॉन. 1994मध्ये जर्मनीची एनरकॉन ही पवनचक्क्यांची कंपनी आणि भारतातील मेहरा बंधू यांनी एनरकॉन इंडिया ही संयुक्त कंपनी स्थापन केली. कालांतराने जर्मन कंपनीकडे 56 टक्के आणि मेहरांकडे 44 टक्के भाग होते. तंत्रज्ञान जर्मनीचे, भारतातला कारभार मेहरांचा. तंत्रज्ञान देण्याचा मूळ करार दहा वर्षांचा होता आणि 2004मध्ये तो संपला. पण सुटे भाग येत राहिले, काम चालू राहिले. नवा करार व्हायचा होता, त्यासाठी 2006मध्ये आधी प्राथमिक मुद्द्यांचे कागद झाले आणि सप्टेंबरमध्ये बौद्धिक संपदेच्या परवान्याच्या मसुद्यावर सह्या झाल्या. पुढे संबंध बिघडले आणि 2007मध्ये पुरवठा थांबला. मग प्रश्न उभा राहिला की तो सही केलेला मसुदा म्हणजे पूर्ण झालेला करार होता की नुसतीच पुढची बोलणी. जर्मन बाजू म्हणाली, करार झाला. भारतीय बाजू म्हणाली, झाला नाही.

इथे पहिली गोष्ट लक्षात येते ती भूमिकांची. भांडवलाचे टक्के आणि कारभाराचा ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कंपनी कायद्यात महत्त्वाच्या ठरावांना, उदाहरणार्थ नियमावली बदलायला, झालेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे 25 टक्क्यांपेक्षा जास्त भाग असणारा असे ठराव अडवू शकतो, पण रोजचा कारभार त्याच्या हाती येत नाही. कारभार संचालक मंडळाच्या बहुमताने चालतो. म्हणून स्थानिक भागीदाराने एमओयूतच मागून घ्यायची गोष्ट म्हणजे राखीव विषयांची यादी: नवे कर्ज, संबंधित कंपनीकडून खरेदी, वार्षिक अंदाजपत्रक, मुख्याधिकाऱ्याची नेमणूक, यांपैकी कशाला दोन्ही भागीदारांची संमती लागेल. भाग विकण्यावरच्या अटी नियमावलीत नसतील तर त्या कंपनीवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे ठरलेल्या अटी नियमावलीत घालण्याचे वचनही एमओयूत हवे.

भूमिका लिहिताना सर्वांत जास्त नुकसान एका क्रियापदाने होते: ‘सहकार्य करील’. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. ओतकाम आणि पंपाची जुळणी त्याची, रचना आणि सील जर्मन भागीदाराची. ‘परदेशी भागीदार तांत्रिक सहकार्य करील’ या वाक्यावर कोणाकडूनही काही वसूल करता येत नाही. तेच वाक्य असे लिहिले तर वेगळे होते: परदेशी भागीदार तीन मॉडेलांची उत्पादन-रेखाचित्रे, चाचणीची पद्धत आणि सील पुरवठादारांची यादी करारापासून 60 दिवसांत देईल, दोन अभियंते सहा आठवडे शिरोलीत राहतील, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च अमुक भागीदार सोसेल. सुटे भाग फक्त परदेशी भागीदाराकडूनच घ्यायचे असतील, तर किंमत कशी ठरेल आणि पुरवठा थांबला तर दुसरीकडून घेण्याची मुभा कधी मिळेल, हेही त्यातच येते. एनरकॉनच्या घटनाक्रमात पुरवठा थांबणे हाच सर्वांत मोठा धक्का होता.

बौद्धिक संपदेचा भाग वरवर कठीण वाटतो, पण त्याचा गाभा एका प्रश्नात आहे: हे ज्ञान भागीदारीआधीचे, की भागीदारीत तयार झालेले? आधीचे ज्ञान ज्याचे त्याचे राहते आणि संयुक्त कंपनीला फक्त वापराचा परवाना मिळतो. या परवान्याला मुदत, प्रदेश आणि उत्पादन अशा तीन मर्यादा असतात. मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर लिहिलेले नसेल तर कंपनी जुन्या परवान्यावर चालते, म्हणजे खरे पाहता कशावरच चालत नाही. एनरकॉनमध्ये 2004 ते 2006 हा काळ तसाच गेला.

भागीदारीत तयार झालेल्या ज्ञानाचे दुखणे अधिक खोल आहे. शिरोलीच्या कारखान्यातील एका अभियंत्याने पंचगंगेच्या पुराच्या वाळूमिश्रित पाण्यात टिकेल असा सीलचा बदल शोधला, असे समजू. मूळ सील जर्मन, बदल कोल्हापूरचा. बोलणीच्या टेबलावर सहज सुचणारा उपाय असतो तो संयुक्त मालकीचा. ऐकायला गोड, पण भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 50नुसार, वेगळे ठरले नसेल तर, दोन्ही सहमालक ते पेटंट स्वतः वापरू शकतात आणि एकमेकांना हिशेब द्यावा लागत नाही; दुसऱ्याच्या संमतीशिवाय मात्र कोणालाही परवाना देता येत नाही आणि आपला हिस्साही विकता येत नाही. म्हणजे मोठा कारखाना असलेला जर्मन भागीदार तो बदल आपल्या मोठ्या बाजारात वापरू शकतो, आणि शिरोलीच्या भागीदाराला तिसऱ्या कंपनीला परवाना देऊन कमाई करता येत नाही. अधिक सुरक्षित मांडणी अशी: बदल संयुक्त कंपनीच्या मालकीचा, आणि दोन्ही भागीदारांना आपापल्या प्रदेशात ठरलेल्या दराने परवाना. भागीदारी मोडली तर हे पेटंट कोणाकडे जाईल, हेही तिथेच लिहावे लागते.

यासोबत एक साधा पण हमखास विसरला जाणारा नियम आहे. भारतात राहणाऱ्याने केलेल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. भागीदाराने घाईत जर्मनीत पहिला अर्ज टाकला, तर शिक्षेचा प्रश्न उद्भवतो आणि भारतातले पेटंटही धोक्यात येते. नावाचेही तेच. संयुक्त कंपनीच्या नावात परदेशी भागीदाराचे नाव असेल तर तो निघून गेल्यावर ते किती महिन्यांत काढायचे, हे ठरलेले हवे. होंडा बाहेर पडल्यावर हिरो होंडा 2011मध्ये हिरो मोटोकॉर्प झाली, आणि एनरकॉन इंडियाही पुढे विंड वर्ल्ड झाली.

आता तंटा. जर्मन न्यायालयाचा निकाल भारतात थेट अंमलात येत नाही. जर्मनी भारताच्या त्या यादीतला देश नाही, त्यामुळे नव्याने दावा लावावा लागतो. लवादाच्या निवाड्याचे तसे नाही. 1958च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश असल्याने तो निवाडा एकमेकांच्या देशात अंमलात आणता येतो. म्हणून अशा एमओयूंत न्यायालयाऐवजी लवाद असतो. पण लवादाचे कलम अर्धवट लिहिले तर काय होते, ते एनरकॉनमध्ये दिसले. कलमात तीन लवाद होते. एक परवाना देणाऱ्याने नेमायचा, एक घेणाऱ्याने. तिसरा कोणी नेमायचा, ते लिहायचे राहून गेले होते. पुढे लिहिले होते की कामकाजाचे ठिकाण लंडन, पण भारताचा 1996चा लवाद कायदा लागू. आता लंडन हे फक्त बैठकीचे ठिकाण, की देखरेख करणारे न्यायालयही इंग्लंडचे?

या प्रश्नांवर भारतात आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे झगडे झाले. 2008मध्ये सुरू झालेल्या लवादाचा हा पेच भारतात 14 फेब्रुवारी 2014ला सर्वोच्च न्यायालयात सुटला. न्यायालयाने राहिलेली ओळ आपणच वाचून घेतली: दोघांनी नेमलेल्या लवादांनी तिसरा नेमायचा. मूळ परवाना-करार पूर्ण झाला की नाही यावर वाद असला तरी लवादाचे कलम वेगळे उभे राहू शकते, असेही म्हटले. आणि भारताचा कायदा ठरवलेला असल्याने लवादाचे आसन भारतात, लंडन फक्त बैठकीची सोय, असा निर्णय दिला. सहा वर्षे गेली ती कोठे आणि कसे लढायचे हे ठरवण्यात. परवान्याचा मूळ वाद तोपर्यंत बाजूलाच होता.

लंडन हे ठिकाण होते, ‘आसन’ हा शब्द मात्र कागदावर नव्हता. आज मसुदा करणारे म्हणून स्वतंत्र ओळ लिहितात: लवादाचे आसन मुंबई किंवा सिंगापूर, बैठका कुठेही घेता येतील. आसन भारताबाहेर असले तरी भारतीय न्यायालयाकडून तातडीचा मनाई हुकूम मागता येतो, 2015च्या दुरुस्तीपासून, पण कराराने ते नाकारले नसेल तर. म्हणून ती मुभा कायम असल्याचे एका वाक्यात सांगणे शहाणपणाचे असते. लवादाआधी दोन्ही बाजूंच्या मुख्याधिकाऱ्यांनी 30 दिवस बोलावे, ही पायरी ठेवली जाते. तिलाही शेवटची तारीख हवी, नाहीतर बोलणी सुरू आहेत असे सांगून लवाद महिनोन्महिने लांबवता येतो. लवादांची संख्या, नेमणुकीची रीत, नेमणूक न झाल्यास ती करणारी संस्था, भाषा आणि लागू कायदा, एवढ्या पाच गोष्टी त्या कलमात असल्या की ते चालते. एनरकॉनच्या कलमात यातल्या दोन जागा अपुऱ्या राहिल्या होत्या.