विश्लेषण : रात्रपाळी सुरू झाली की पोट साफ का होत नाही? झोप आणि आतड्यांच्या घड्याळाचा संबंध काय?

पहिल्या पाळीच्या आठवड्यात सगळे सुरळीत असते. तिसरी पाळी लागली की दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही, मग एखाद्या दिवशी भलत्याच वेळी घाईची लागते. औद्योगिक पट्ट्यातील कामगार, परिचारिका, सुरक्षारक्षक आणि कॉल सेंटरमधील कर्मचारी यांच्यात ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा कँटीनच्या जेवणाला दिला जातो. जेवणाचा वाटा असतोच, पण मूळ अडचण अनेकदा वेळेची असते. सकाळी शौचाला लागण्यामागे शरीराचे वेळापत्रक असते आणि झोपेची वेळ हलली की ते विस्कटते.

सकाळीच का लागते?

मोठे आतडे दिवसभर हालचाल करत असते, पण त्यातील बहुतेक हालचाल मळ जागच्या जागी घुसळण्यासाठी असते. मळ लांबवर पुढे ढकलणाऱ्या जोरदार लाटा दिवसातून मोजक्याच, साधारण पाच-सहा वेळा येतात. निरोगी व्यक्तींच्या आतड्यात दाब मोजणारी बारीक नळी २४ तास ठेवून केलेल्या तपासण्यांत या लाटांच्या वेळा स्पष्ट दिसल्या आहेत. गाढ झोपेत आतडे जवळजवळ शांत असते. जाग येताच त्याची हालचाल एकदम वाढते आणि जेवणानंतर पुन्हा वाढते.

म्हणजे सकाळी तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे जाग येणे. दुसरी म्हणजे पोटात काहीतरी जाणे. रिकाम्या जठरात चहा-नाश्ता गेला की तिथून मोठ्या आतड्याला ‘जागा कर’ असा संदेश जातो. तिसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालते. आतड्याच्या पेशींतही स्वतःची घड्याळे असतात आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळांचा मोठा प्रभाव असतो. ही घड्याळे पहाटेपासून आतड्याला कामाला लावण्याची तयारी करतात.

या तिन्ही गोष्टी अर्ध्या-पाऊण तासात घडल्या की रात्रभर साठलेला मळ गुदाशयात उतरतो, गुदाशयाची भिंत ताणली जाते आणि वेग जाणवतो. ज्यांची झोपेची वेळ पक्की असते, त्यांना म्हणूनच घड्याळ न पाहता ठरल्या वेळी लागते.

तिसऱ्या पाळीत नेमके काय बिघडते?

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एखाद्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते. पहिली सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२ आणि तिसरी रात्री १२ ते सकाळी ७. पहिल्या पाळीत कामगार पहाटे ५ ला उठतो, सव्वापाचला चहा घेतो आणि साडेपाचला त्याचे पोट साफ होते. सहाच्या सुमारास तो कंपनीच्या बसमध्ये असतो.

आता सोमवारी रात्री तिसरी पाळी लागली. मंगळवारी पहाटे साडेपाचला तो मशीनवर उभा आहे. शरीराचे घड्याळ मात्र अजून गेल्या आठवड्याचेच आहे. रात्री २ ला कँटीनमध्ये जेवण झाले, ५ ला चहा झाला, त्यामुळे नेहमीच्या वेळी वेग येतो. पण बदली माणूस आलेला नाही, लाइन सोडता येत नाही. तो वेग दाबतो. काही मिनिटांत मळ थोडा मागे सरकतो, गुदाशयाची भिंत सैल होते आणि लागल्याची भावना निघून जाते.

सकाळी ८ ला तो घरी पोहोचतो तेव्हा काहीच जाणवत नाही. ९ ला झोपतो, पण बाहेरचा गोंगाट आणि उन्हामुळे दुपारी २ ला जाग येते. जाग आली, पण शरीराच्या घड्याळाची ही ‘सकाळ’ नाही. त्यामुळे लाट येते ती कमजोर. तीन गोष्टींपैकी एक पहाटे कारखान्यात येऊन गेली, दुसरी दुपारी घरी आली आणि त्यांची गाठ पडलीच नाही.

मग आठवडाभरात शरीर जुळवून का घेत नाही? कारण हे घड्याळ फार सावकाश सरकते. उजेड आणि झोप अनुकूल असली तरी दिवसाला साधारण तासभरच. शिवाय सकाळी बसमधून येताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्याला पुन्हा ‘दिवस उजाडला’ असेच सांगते. थोडेफार जुळले तर रविवारच्या सुट्टीत तो कुटुंबाच्या वेळेनुसार जागतो आणि सोमवारी नवी पाळी सुरू होते.

वेग दाबल्याने एवढा फरक पडतो?

पडतो. मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड ते दोन लिटर द्रव येतो आणि त्यातला बहुतेक आतडे शोषून घेते. मळ जितका जास्त वेळ आत राहील तितका तो कोरडा आणि कडक होतो. वारंवार वेग दाबत राहिले तर गुदाशयाची संवेदनाही बोथट होऊ शकते, म्हणजे भरूनही लागल्याचे नीट कळत नाही.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना आठवडाभर वेग दाबायला सांगितले गेले. त्यांचे शौचाला जाण्याचे प्रमाण कमी झालेच, पण मळ आतड्यातून पुढे सरकण्याचा वेगही मंदावला. आयुर्वेदाने जे तेरा ‘अधारणीय वेग’, म्हणजे रोखू नयेत असे वेग सांगितले, त्यात मलवेगाचा समावेश आहे तो उगाच नाही.

तक्रार केवळ बद्धकोष्ठतेचीही नसते. अमेरिकेतील मिशिगनमध्ये परिचारिकांची केलेली एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आलटून-पालटून पाळ्या करणाऱ्या परिचारिकांमध्ये, कायम दिवसपाळी करणाऱ्यांच्या तुलनेत, आयबीएस म्हणजे पोटदुखीसह शौचाची लय बिघडण्याचा विकार जास्त आढळला. झोपेचा दर्जा हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. याचा अर्थ कमी झोप हे एक कारण आणि चुकीच्या वेळची झोप हे त्याहून वेगळे कारण आहे.

घरून काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे का?

पाळी नसली तरी तीच फारकत होते. रात्री २ पर्यंत मोबाइल, सकाळी ८.५० ला गजर आणि ९ ला लॉगिन. जाग येते, आतडे हलू लागते, पण पहिली मीटिंग सुरू असते. नाश्ता ११ ला होतो, तोवर जागेपणीची लाट ओसरलेली असते. शनिवार-रविवारी उठण्याची वेळ आणखी दोन-तीन तास पुढे जाते आणि सोमवारी शरीराला पुन्हा मागे यावे लागते.

चूर्ण किंवा गोळी घेतली तर?

इथेही वेळच चुकते. सोनामुखीसारखी आतडे हलवणारी औषधे आणि अनेक तयार चूर्णे घेतल्यावर साधारण ६ ते १२ तासांनी काम करतात. म्हणूनच ती रात्री झोपताना घेण्याची पद्धत आहे. तिसऱ्या पाळीला निघण्याआधी सवयीने रात्री १० ला घेतलेले चूर्ण पहाटे ४ ते सकाळी १० च्या दरम्यान केव्हाही लागू पडेल, म्हणजे मशीनवर किंवा बसमध्ये. पुन्हा वेग दाबला जातो आणि मग ‘डोस कमी पडला’ असे समजून तो वाढवला जातो. इसबगोलाचे काम वेगळे आहे. तो पाणी धरून मळ मऊ ठेवतो, पण पुरेसे पाणी न पिता घेतला तर त्रास वाढू शकतो.

मग करायचे काय?

घड्याळ पूर्ण बदलण्याच्या मागे न लागता विखुरलेल्या गोष्टी पुन्हा एकत्र आणणे हा सोपा मार्ग आहे. वरच्या उदाहरणातील कामगाराने दुपारी २ ला उठल्यावर लगेच कोमट पाणी किंवा चहा आणि दिवसाचे मुख्य जेवण घ्यावे. त्यानंतर अर्ध्या तासात, लागलेले नसले तरी, शौचाला बसावे. पाच ते दहा मिनिटे पुरेत. मोबाइल बाहेर ठेवावा आणि जोर लावत बसू नये. कमोड असेल तर पायाखाली छोटे स्टूल घ्यावे, गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. पाळीत पहाटे लागलेच तर दाबू नये. बदली माणसाची सोय आधीच करून ठेवता आली तर उत्तम.

मध्यरात्रीचे जेवण हलके ठेवून मोठे जेवण पाळीआधी घेतले तर आतड्याच्या घड्याळाचा गोंधळ कमी होतो. घरी येताना गॉगल आणि झोपायच्या खोलीत जाड पडदा, याने दिवसाची झोप लांबते.

कारण झोपच आहे, हे कसे ओळखायचे?

दोन-तीन आठवड्यांची नोंद ठेवावी. झोपेची वेळ, उठण्याची वेळ, वेग केव्हा आला, तो दाबला का आणि मळ कडक होता, मऊ होता की पातळ, एवढे पुरे. पहिल्या पाळीत किंवा सलग सुट्टीत त्रास आपोआप कमी होत असेल, तर संशय वेळापत्रकावर घ्यावा. पाळी कोणतीही असो, त्रास तसाच राहत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. थायरॉइड, मधुमेह, लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामक यांनीही बद्धकोष्ठता होते.

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, हा मात्र नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हे सगळे निरोगी मर्यादेत मोडते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील १९९२ च्या पाहणीत दर २४ तासांनी नेमाने शौचाला जाणारे केवळ ४० टक्के पुरुष आणि ३३ टक्के स्त्रिया आढळल्या होत्या. प्रश्न स्वतःची नेहमीची लय मोडली का, हा आहे.

काही लक्षणे पाळीच्या नावावर खपवू नयेत. मळातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, किंवा पोटदुखीने अथवा जुलाबाने गाढ झोपेतून जाग येणे. झोपेत आतडे शांत असते. तेच झोपमोड करू लागले, तर वेळापत्रक नव्हे, आतडे तपासून घ्यावे लागते.